सतरंजीचं पान

सिनेमाच्या तयारीत ‘उबदार’ या शब्दासारखा फसवा शब्द नाही. दिग्दर्शक म्हणतो, खोली उबदार दिसली पाहिजे. छायालेखक मान डोलावतो, कारण त्याच्या लेखी उबदार म्हणजे पिवळसर उजेड, साठ वॅटच्या बल्बचा, २७०० केल्विनच्या आसपासचा. कलादिग्दर्शकही मान डोलावतो, कारण त्याच्या लेखी उबदार म्हणजे काव, गेरू, जुनं सागवान, पितळ. दिग्दर्शकाच्या मनात मात्र यातलं काहीच नसतं. त्याला एवढंच म्हणायचं असतं, की या खोलीत कुणीतरी खूप वर्षं राहिलं आहे. तिघांचं एकमत झालेलं असतं आणि तिघं तीन वेगळ्या खोल्या बांधायला घेतात.

मूडबोर्ड आणि लुकबुक करायचं ते या विशेषणांपासून सुटण्यासाठी. दोन्ही शब्द आपल्याकडे सरसकट एकाच अर्थी वापरतात, पण कामं वेगळी आहेत. मूडबोर्ड आपण स्वतःसाठी करतो. चित्रं शेजारी-शेजारी ठेवून आपल्याला नक्की काय हवं आहे ते त्यात शोधायचं असतं. लुकबुक दुसऱ्यांसाठी असतं. शोधून जे सापडलं ते प्रसंगवार, पानवार, असं मांडायचं की वाचणाऱ्याला सामान आणता येईल, भिंत रंगवता येईल, दिवे मागवता येतील.

माझी फिल्म अठरा मिनिटांची. काळ १९७९, जागा बसवनगुडीतलं एक भाड्याचं घर. बेळगावहून लग्न होऊन आलेली एक बाई नवऱ्यामागे तीन वर्षांनी हे घर सोडून माहेरी परत जायला निघते. सामान बांधण्याची ती एक दुपार आणि एक रात्र, एवढीच गोष्ट. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मी याच भागात वाढले, त्यामुळे घर शोधायला लांब जावं लागलं नाही. १८९८च्या प्लेगनंतर बंगळूरच्या दाट पेठेबाहेर जी मोकळी वस्ती आखली गेली, त्यातलं हे बसवनगुडी. रुंद रस्ते, झाडं, आणि अजून काही गल्ल्यांत टिकून असलेली बैठी घरं. मला मिळालेलं घरही तसलंच. पुढे ओटी, मधे एक मोठी खोली, मागे परसू. जमीन लाल ऑक्साईडच्या कोब्याची, वर्षानुवर्षं खोबरेल तेलाचा हात फिरवून तुकतुकीत झालेली.

घरमालकीण ऐंशीच्या पुढची. त्यांना सगळी गल्ली अज्जी म्हणते, मीही तेच म्हणते. त्यांच्या अटी तीन होत्या. चित्रीकरण चार दिवस आणि तेही कडलेकाई परिशे उरकल्यावर, कारण कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांच्या त्या जत्रेला दोड्ड बसवण्णाच्या देवळाकडचे सगळे रस्ते माणसांनी भरून जातात. भिंत एकच रंगवायची, तीही एकदाच. आणि जमिनीला हात लावायचा नाही. म्हणजे चित्रीकरण डिसेंबरात, रंगाचा हात एकच, आणि तो चुकला तर दुरुस्तीला ना दिवस ना पैसे. पुस्तकात जे ठरेल तेच भिंतीवर जाणार होतं.

छायालेखक पुण्याचा, माझ्या वयाचा, अरे-तुरेतला. कलादिग्दर्शक इथलेच, कन्नड, साठीच्या जवळचे; त्यांना मी सर म्हणते. त्या दोघांमधली भाषा इंग्रजी, दोघांच्याही गरजेपुरती. ही त्रिभाषा पाहिल्यावर मी ठरवलं, की पुस्तकात विशेषण वापरायचंच नाही.

मूडबोर्डसाठी सुमारे दोनशे चित्रं जमली होती. फिल्ममधल्या चौकटी, घरगुती अल्बममधले फोटो, चित्रकारांची चित्रं, गांधी बाजारातल्या फळांच्या टोपल्यासुद्धा. खोलीतल्या प्लायवुडच्या फळीवर ती टाचणीने लावली आणि पंधरा दिवस तशीच ठेवली. एखाद्या चित्रासमोरून दहा वेळा गेलं आणि अकराव्या वेळी दिसेनासं झालं, की ते काढायचं. उरलेल्या प्रत्येक चित्राला मग मी एकच प्रश्न विचारला: तुझ्याकडून मी काय घेणार? उजेड कुठून येतो ते? रंग? वस्तूची झीज? की कॅमेरा माणसापासून किती लांब उभा आहे ते? उत्तर ‘सगळंच’ असं आलं, की ते चित्र बाद. ते मला फक्त आवडलेलं असायचं.

लुकबुकात शेवटी अडतीस चित्रं गेली. प्रत्येकाखाली दोन ओळी, ‘घ्यायचं’ आणि ‘सोडायचं’. दुसरी ओळ पहिलीपेक्षा जास्त उपयोगी पडते. उदाहरणार्थ, डच चित्रकार व्हर्मीरचं एक चित्र होतं. त्याखाली लिहिलं होतं, ‘घ्यायचं: उजेड एकाच खिडकीतून, बाजूने. सोडायचं: रंग, पडदे, नीटनेटकेपणा.’ ही दुसरी ओळ नसती, तर सरांनी पडद्याचं कापड शोधायला माणूस धाडला असता, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नसतं. चित्रात पडदा आहे, चित्र दिग्दर्शकाने दिलेलं आहे. मग पडदा हवाच असणार. संदर्भचित्र वाचणारा प्रत्येक जण त्यात आधी आपल्या खात्यातलं पाहतो. छायालेखक सावली कुठे पडली ते पाहतो, कलादिग्दर्शक सावली कशावर पडली ते.

दुसऱ्यांची चित्रं एका मर्यादेपर्यंतच कामाची असतात. त्यापुढे खऱ्या जागेचे फोटो लागतात, आणि त्या फोटोंबरोबर तीन गोष्टी लागतात: तारीख, वेळ आणि दिशा. आम्ही घर पाहिलं ऑगस्टात. छायालेखक दोन दिवसांसाठी आला होता. मोठ्या खोलीची खिडकी दक्षिणेला, परसात उघडणारी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला एकाच जागेवरून फोटो काढला, कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स ५६०० केल्विनवर पक्का करून, म्हणजे कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग सुधारत बसणार नाही. फोटो सुंदर आले. मऊ, निळसर, सावल्या नसलेला उजेड. सरांना ते इतके आवडले की त्यांनी भिंतीला मोरपंखी हिरवा रंग मनाशी नक्कीच केला.

पण ते फोटो ऑगस्टचे होते. बंगळूर विषुववृत्ताच्या उत्तरेला १३ अंशांवर आहे. ऑगस्टात इथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, शिवाय आभाळ बहुधा भरलेलं. दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि भर दुपारी क्षितिजापासून साधारण साडेत्रेपन्न अंशच वर चढतो. आम्ही टेप लावून मोजलं. खिडकीची वरची कड आणि छज्जा जमिनीपासून सात फुटांवर, छज्जा दीड फूट पुढे, भिंत एक फूट जाड. त्या कोनातून छज्ज्याच्या टोकाला चाटून येणारा किरण सव्वापाच फुटांच्या आसपास पुढे जाऊन जमिनीला टेकतो. त्यातले अडीच फूट छज्जा आणि भिंतीतच जातात. उरतात जवळजवळ पावणेतीन फूट. म्हणजे चित्रीकरणाच्या दिवसांत सव्वाबाराच्या सुमारास खिडकीखाली पावणेतीन फूट रुंद, कडक उन्हाचा पट्टा लाल जमिनीवर पडणार. आमच्या एकाही फोटोत तो नव्हता.

छायालेखकाला धास्ती उन्हाची नव्हती, जमिनीची होती. कडक ऊन तुकतुकीत लाल जमिनीवर पडलं की ती जमीनच दिवा होते, लाल दिवा, आणि तोही खालून वर जाणारा. सामान बांधणारी बाई जमिनीवर बसलेली असणार. तिच्या हनुवटीखाली, नाकाखाली, डोळ्यांच्या खोबणीत विटकरी रंग चढणार. मागे मोरपंखी भिंत असली, तर तो लाल आणखीनच उठून दिसणार. त्याचं म्हणणं, जमीन झाका नाहीतर भिंत बदला. सरांचं म्हणणं, १९७९चं बसवनगुडी दाखवायचं आणि लाल जमीन झाकायची, मग राहिलं काय?

हा वाद जुना आहे. १९५६च्या ‘अपराजितो’साठी सत्यजित राय यांना बनारसच्या घराचं अंगण हवं होतं. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त ते कलकत्त्याच्या स्टुडिओत, छपराखाली बांधणार होते, कारण पावसाची भीती होती. छायालेखक सुब्रत मित्र यांचा विरोध होता. उघड्या अंगणात वरून, सगळीकडून सारखा, सावली न पाडणारा उजेड झिरपतो. तो स्टुडिओतल्या दिव्यांनी आणायचा कसा? सेट तिथेच झाला. तेव्हा मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे थेट न मारता त्या कापडावर मारून परतवले. परतवलेल्या उजेडाची ही रीत पुढे त्यांच्या नावाशी जोडली गेली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की अडचण बांधकामाची होती आणि उत्तर उजेडाचं निघालं. उलटही होऊ शकतं: अडचण उजेडाची, उत्तर सामानातून.

पण त्याआधी अडचण डोळ्यांनी पाहायला हवी होती. ऑगस्टात डिसेंबरचं ऊन आणायचं कुठून? दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तासभर आभाळ फाटलं. अज्जींच्या कपाटाचा सुटा झालेला आरसा आम्ही परसात नेला आणि एका सहायकाने उंच स्टुलावर उभं राहून त्याने ऊन खिडकीतून आत जमिनीवर टाकलं. आरशाने ऊन वळवणं ही छायालेखनातली जुनी युक्ती. १९५९च्या ‘कागज के फूल’मधला तो प्रसिद्ध प्रकाशझोत व्ही. के. मूर्ती यांनी स्टुडिओबाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी आत वळवूनच आणला होता. मूर्ती मूळचे म्हैसूरचे. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायालेखक. त्यांचं नाव निघताच सर, जे तोवर हाताची घडी घालून उभे होते, स्वतः आरशाचा कोन सांगायला पुढे झाले.

आमच्या आरशाचा कोन डिसेंबरच्या सूर्याशी जुळत नव्हता. पण ऊन कुठल्या बाजूने आलं ते तेवढं महत्त्वाचं नव्हतं. जमिनीवर पडलं की ती चहूकडे लाल उधळते, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. पट्ट्याच्या कडेला मी स्वतः मांडी घालून बसले, हनुवटीपाशी करडं कार्ड धरून. हे कार्ड अठरा टक्के उजेड परतवणारं असतं आणि त्याला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे त्यावर दिसेल तो रंग उजेडाचा. पहिल्या फोटोत कार्डाची खालची बाजू भाजलेल्या विटेसारखी होती. दुसऱ्या फोटोआधी जमिनीवर अज्जींच्या पलंगपोसाची घडी पसरली, तेव्हा ते करडंच्या करडं राहिलं. तिसऱ्यात अर्धी जमीन झाकली आणि अर्धाच लाल आला. तिन्ही फोटो एका पानावर शेजारी-शेजारी लावले. खाली शब्द नव्हते, फक्त १, २, ३ असे आकडे.

वादाचं वळण त्या पानाने बदललं. तोवर प्रश्न ‘लाल हवा की नको’ असा होता. पान समोर आल्यावर प्रश्न झाला, ‘कोणत्या प्रसंगात किती?’ हा प्रश्न माझ्या खात्यातला होता, आणि त्याचं उत्तर पटकथेत होतं. सामान बांधायचं म्हणजे जमिनीवर अंथरलेलं शेवटी गुंडाळायचं. सुरुवातीला खोली संसाराची आहे, खाली सतरंजी आहे. चेहऱ्यावर आभाळाचा साधा उजेड. बाई सतरंजी गुंडाळते आणि वर्षानुवर्षं झाकलेली जमीन उघडी पडते. त्या क्षणापासून तिच्या चेहऱ्यावर खालून लाल चढतो. दिवा हलवायचा नाही, फिल्टर लावायचा नाही. घर सोडताना घराचा रंग तिच्या अंगावर येतो, आणि तो आणायला छायालेखकाला काही करावं लागत नाही, काम सतरंजी करते.

सर हसले आणि आठ दिवसांनी नवलगुंदचा एक जमखाना घेऊन आले. अस्सल, धारवाडकडचा, भौमितिक नक्षीचा, आणि भडक लाल-पिवळा. वस्तू म्हणून निर्दोष. बेळगावच्या बाईच्या घरात शोभणारी. पण लाल जमीन झाकायला लाल अंथरूण चालणार नव्हतं. हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पुस्तकातलं ते पान उघडलं, जमखाना क्रमांक २च्या फोटोवर धरला, आणि स्वतःच घडी घातली. जमखाना मग पेटीवर टाकायला गेला, खिडकीपासून लांब. खाली आली ती धुऊन-धुऊन उडालेली निळ्या-करड्या पट्ट्यांची सुती सतरंजी.

भिंतीचा निर्णयही त्याच पद्धतीने झाला. दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे तीन तुकडे तीन रंगांनी रंगवले: मोरपंखी, फिकट निळा, आणि चुन्यात किंचित हिरवा मिसळावा तसा तिसरा. प्रत्येकाचा फोटो तीन उजेडांत काढला: खिडकीचा उजेड, जमिनीवरून परतलेलं आरशाचं ऊन, आणि रात्री साठ वॅटचा बल्ब. मोरपंखी दिवसा देखणा होता, पण रात्री बल्बखाली इतका काळवंडला की बाईचे केस त्यात बुडाले. फिकट निळा बल्बखाली मळकट करडा झाला, कारण बल्बच्या उजेडात निळा मुळातच थोडा असतो. तिसरा तिन्हींत टिकला. फक्त तो दिवसा चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत होता, आणि नजर आधी उजळाकडे जाते. तेव्हा त्याच रंगाची गडद छटा घेतली, चेहऱ्याहून साधारण एक स्टॉप खाली, म्हणजे चेहऱ्याच्या निम्मा उजेड परतवणारी. शेडकार्डावरचा आकडा पानावर लिहिला, आणि त्याशेजारी रंगवलेल्या तुकड्याचा खरा कपचा चिकटवला.

हा कपचा महत्त्वाचा. लुकबुक पीडीएफ करून पाठवलं, की ते तीन फोनांवर तीन रंगांचं दिसतं. एकाचा पडदा रात्रीच्या वेळी आपोआप पिवळा होतो, दुसऱ्याचा रंग कंपनीनेच भडक ठेवलेला असतो. छापलेलं पानही दुकानागणिक बदलतं. यावर मी दोन उपाय केले. प्रत्येक पानाच्या कडेला बोटभर रुंदीची करडी पट्टी ठेवली. ती हिरवट किंवा गुलाबी दिसली, तर समजायचं की पडदा किंवा छपाई खोटं बोलते आहे, आणि त्यावर रंगाचा निर्णय घ्यायचा नाही. आणि जिथे रंग निर्णायक होता, तिथे चित्रावर न विसंबता वस्तूच लावली: भिंतीचा कपचा, सतरंजीचा दोरा, लुगड्याच्या काठाचा तुकडा. छायालेखकाला पुण्याला पीडीएफबरोबर एक जाड पाकीट गेलं. त्यात या सगळ्या गोष्टी, पानांच्या क्रमाने.

पुस्तक एकूण बावीस पानांचं झालं. त्यात मी काय ठेवलं नाही तेही सांगायला हवं. बाईच्या चेहऱ्यावर कोणता भाव असावा याचं एकही चित्र नव्हतं. ते नटीशी बोलायचं काम, आणि दुसऱ्या कुणाचा रडवेला चेहरा समोर ठेवला तर ती त्याची नक्कल करते. प्रत्येक शॉटची चौकटही नव्हती. लुकबुक जेव्हा चौकटी ठरवू लागतं, तेव्हा छायालेखक पाहणं सोडून जुळवत बसतो. चौकट सेटवर, माणसं आत उभी राहिल्यावर. पुस्तकाने ठरवायच्या त्या फक्त आधीच ठरवाव्या लागणाऱ्या गोष्टी: रंग, कापड, दिव्यांची जात, सूर्याची वेळ.

शेवटच्या दोन पानांवर वेळापत्रक होतं, पण तासांचं नाही, उजेडाचं. सतरंजी गुंडाळण्याचा प्रसंग साडेअकरा ते एक या वेळेतच. बाकीचे दिवसाचे प्रसंग खिडकीबाहेर पांढरं कापड ताणून, म्हणजे ऊन कधीही असो, आत आभाळाचा मऊ उजेडच येईल. निर्मितीच्या माणसाला आधी ही पानं पटेनात. प्रसंगांचा क्रम नटीच्या सोयीने लावायची त्याची सवय. पण क्रमांक १ आणि २चे फोटो पाहिल्यावर त्याने जेवणाची सुट्टी दीड वाजता ढकलली.

डिसेंबरात पट्टा आला. सव्वाबाराला त्याची आतली कड भिंतीपासून तीन फुटांच्या थोडी आतच होती. नटीने सतरंजीचं एक टोक धरलं आणि गुंडाळत खिडकीकडे सरकली. छायालेखक लेन्सला डोळा लावून होता. सर मॉनिटरसमोर, हातात ते बावीस पानांचं पुस्तक, बोट क्रमांक ३च्या फोटोवर. जमीन अर्धी उघडी झाली तसा तिच्या गळ्यापाशी रंग चढला, मग हनुवटीखाली. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या अज्जी शेजारणीला कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, की जमिनीला तेल कालच लावलं होतं.